‘मंदिरामागे’ या पत्त्यावर पार्सल पोचवायचं, तर फोनवर नेमकं काय विचारावं?

प्रश्न : “कुरिअरच्या कामाला लागून तीन महिने झाले. रोज दोन-चार पार्सलांवर ‘मंदिरामागे, टाकीजवळ’ एवढाच पत्ता असतो. फोन केला की समोरचा म्हणतो, ‘या ना, तिथे कोणालाही विचारा.’ मग मी फिरत बसतो. फोनवर काय विचारलं म्हणजे घर लवकर सापडेल?”

उत्तर :

मी चौदा वर्षं पार्सलं वाटली आणि आता हबवर नव्या मुलांना रूट शिकवतो. तुमची अडचण मला पत्ता अपुरा असण्याची वाटत नाही. अडचण ‘मागे’ या शब्दाची आहे. सांगणाऱ्याच्या मनात त्या शब्दाचा एक अर्थ असतो, ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा, आणि फोन ठेवताना दोघांनाही वाटतं की आपलं बोलणं जुळलं.

मंदिराला स्वतःची पुढची आणि मागची बाजू असते. देवाचं तोंड जिकडे ती पुढची, गाभाऱ्याची भिंत जिकडे ती मागची. हा एक अर्थ. दुसरा अर्थ बोलणाऱ्याच्या रोजच्या वाटेवरून ठरतो. तो ज्या रस्त्याने येतो त्या रस्त्यावरून मंदिर आधी दिसतं, आणि मंदिराच्या पलीकडे जे काही आहे ते त्याच्यासाठी ‘मंदिरामागे’. रस्ता मंदिराच्या दारासमोरून जात असेल तर दोन्ही अर्थ एकाच जागी येतात आणि कोणाचंच काही अडत नाही. रस्ता गाभाऱ्याच्या बाजूने जात असेल तर मात्र दोन अर्थ बरोबर उलट होतात. त्याचं ‘मागे’ म्हणजे मंदिराच्या दारासमोरची जागा असते आणि तुम्ही जाऊन उभे राहता भिंतीकडे. ‘समोर’, ‘अलीकडे’, ‘पलीकडे’ हे शब्दही असेच घात करतात. ‘शेजारी’ त्यातल्या त्यात बरा, पण डावा की उजवा हे तोही सांगत नाही.

म्हणून फोनवर “मंदिराच्या मागे म्हणजे कुठे?” असं विचारू नका. त्याला उत्तर येतं, “मागेच हो, अगदी मागे.” माणूस तोच शब्द पुन्हा जोर देऊन सांगतो, कारण त्याच्या दृष्टीने त्यात संदिग्ध काही नाहीच. त्याऐवजी वाटेचा क्रम विचारा : “तुम्ही बाहेरून घरी येता तेव्हा आधी मंदिर लागतं की आधी घर?” या प्रश्नाने ‘मागे-पुढे’ हा घोळच मिटतो. वाटेवर काय आधी आणि काय नंतर हे माणसाच्या पायांना पाठ असतं, तिथे तो सहसा चुकत नाही. लगेच दुसरा प्रश्न जोडा : “कुठून येता तेव्हा?” मोठ्या रस्त्याचं, चौकाचं, स्टँडचं, जे नाव तो सांगेल ते लिहून घ्या. कारण तुम्हीही त्याच बाजूने शिरलात तरच त्याचा क्रम तुमच्या उपयोगाचा.

गेल्या पावसाळ्यातलं एक पार्सल सांगतो, म्हणजे हे प्रत्यक्षात कसं चालतं ते दिसेल. पत्ता होता, “महादेवाच्या मंदिरामागे, पाण्याच्या टाकीजवळ, निळं गेट.” खाली एका बाईंचं नाव आणि एक मोबाइल नंबर. आमचा नवा मुलगा गेला. तो एका गल्लीतून मंदिराच्या अंगणात शिरला, दारासमोर उभा राहिला, आणि मंदिराला वळसा घालून गाभाऱ्याच्या मागे गेला. तिथे मोठा रस्ता होता. रस्त्याला लागून उंच खांबांवरची पाण्याची टाकीही होती. मंदिराची मागची बाजू जुळली, टाकी जुळली, फक्त निळं गेट दिसेना. साहजिकच त्याने ठरवलं की आपण बरोबर जागी आहोत आणि गेट शोधायला हवं. अर्धा तास त्याने त्या रस्त्यावरची दारं पाहण्यात घालवला. मग मला फोन आला, “सर, पत्ता चुकीचा आहे, रिटर्न टाकू का?”

मी पार्सलवरच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर त्या बाईंच्या मुलाचा होता. तो दुसऱ्या शहरात राहतो, आईसाठी वस्तू त्याने मागवली होती. हे तुमच्या रोजच्या यादीतही पुष्कळदा होत असणार. नंबर मागवणाऱ्याचा असतो, घर दुसऱ्याच कोणाचं असतं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, “तुम्ही आत्ता त्या घरीच आहात का?” तो म्हणाला, “नाही, मी बाहेरगावी असतो. पण सोपं आहे, मंदिराच्या मागेच. कोणीही सांगेल.” त्या घरात तो आठ वर्षांपूर्वी राहत होता. त्याने दिलेला पत्ता खरा होता, पण आठ वर्षांपूर्वीचा. मी त्याच्याकडून आईचा नंबर घेतला आणि त्यालाच सांगितलं की आधी आईला फोन करून कुरिअरवाल्याचा फोन येणार आहे हे कळवा. अनोळखी नंबर पाहून वयस्कर माणसं फोन उचलत नाहीत, आणि सध्याच्या दिवसांत ते बरोबरच आहे.

मग आईंशी बोललो. 

“मावशी, तुमच्या मुलाने पार्सल पाठवलंय ते घेऊन आमचा मुलगा जवळ आलाय. तुम्ही बाजारातून घरी येता तेव्हा आधी मंदिर लागतं की घर?”

“आधी मंदिर. मग आमचं घर.”

“मंदिराजवळ येता तेव्हा आधी नंदी दिसतो की मंदिराची भिंत?”

“भिंत. नंदी पुढे गेल्यावर.”

इथेच उलगडा झाला. महादेवाच्या मंदिरात नंदी पिंडीकडे तोंड करून दारासमोर असतो. येताना भिंत आधी आणि नंदी नंतर, म्हणजे त्या गाभाऱ्याच्या बाजूने, मोठ्या रस्त्यावरून येतात. मंदिर ओलांडून पुढे जातात. त्यांचं घर नंदीच्याही पलीकडे. आमचा मुलगा शोधत होता त्याच्या नेमकं विरुद्ध बाजूला. तो आत शिरला तेव्हा नंदीजवळ उभा होता आणि घराकडे पाठ करून निघून गेला होता.

नंदी ही फार चांगली खूण आहे, कारण ती वळत नाही आणि सगळ्यांना माहीत असते. देवीच्या, मारुतीच्या किंवा विठ्ठलाच्या मंदिरात हेच काम दीपमाळ, कासव, पार किंवा चपला काढायची जागा करते. यातलं प्रत्येक ठिकाणी काय आहे ते तुम्हाला आधी माहीत नसणार, म्हणून सरळ विचारा, “येताना मंदिराचं दार आधी दिसतं की मागची भिंत?” मंदिराला दोन दारं असतील, किंवा रस्ता रुंद झाल्यावर बाजूने नवं फाटक काढलेलं असेल, तर “देवाचं तोंड दिसतं ते दार” असं म्हणा. फाटक बदलतं, मूर्तीचं तोंड बदलत नाही.

पुढे मी मावशींना विचारलं, “घराबाहेर पाऊल टाकलं की मंदिर तुमच्या कोणत्या हाताला येतं?” त्या म्हणाल्या, “उजव्या.” हा प्रश्न तुम्ही पाठ करून ठेवा. बाई घरातून बाहेर पडताना मंदिर उजव्या हाताला येत असेल, तर मंदिराकडून गल्लीत चालत येणाऱ्या तुमच्यासाठी ते घर डाव्या हाताला असतं. त्यांचा डावा, तर तुमचा उजवा. कागदावर एक गल्ली काढा, एका टोकाला मंदिर, दोन्ही बाजूंना घरं, आणि दोन-तीनदा करून पाहा. एकदा बसलं की फोनवर बोलता बोलता जमतं. “तुमचं घर माझ्या कोणत्या हाताला येईल?” असं विचारलं तर त्यांना तुमच्या जागी उभं राहून विचार करावा लागतो, आणि बहुतेकांची तिथेच गल्लत होते. त्यांना त्यांच्या दारातून बघू द्या. उलटं करायचं काम आपलं.

मग अंतर. “किती लांब?” असं विचारलं की “जवळच, दोन मिनिटं” असं येतं. दोन मिनिटं चालत म्हणजे साधारण दीडशे मीटर. गल्लीबोळातून हळू चालवलेल्या दुचाकीवर तीच दोन मिनिटं सहाशे मीटरपर्यंत जातात. म्हणून मिनिटं विचारायची नाहीत, दारं मोजायला लावायची. “मंदिर सुटल्यावर तुमच्या बाजूला कितवं दार?” मावशींनी मनात मोजलं, चार नावं पुटपुटल्या आणि म्हणाल्या, “पाचवं.” घरं विरळ असतील आणि दारं मोजता येत नसतील, तर वळणं मोजा किंवा विजेचे खांब मोजा. वळण म्हणजे जिथे गल्ली फुटते ते. नुसता रस्ता वाकतो त्याला काही जण वळण म्हणतात, काही जण म्हणत नाहीत. त्यामुळे “वळायचं की रस्ता नेईल तसं जायचं?” एवढं विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न होता, “तुमच्या दारात उभं राहिलं की समोर काय दिसतं?” मावशी म्हणाल्या, “समोर शेवगा आहे. त्याला दोरी बांधलीय, माझे कपडे वाळत आहेत आत्ता.” गेटचं विचारलं तर कळलं, निळं होतं, मागच्या दिवाळीला तपकिरी रंग दिला. आणि टाकी? ती गल्लीतली जमिनीलगतची सिमेंटची टाकी, आता तिच्यात पाणीही नसतं. रस्त्यावरची उंच टाकी त्यांच्या डोक्यातही नव्हती. मी मुलाला सांगितलं, “नंदीकडे जा. नंदी मागे टाकून सरळ चाल, डाव्या हाताचं पाचवं दार, समोर शेवग्याला कपडे वाळत असतील.” तीन-चार मिनिटांत पार्सल पोचलं.

या प्रसंगात दोन गोष्टी अशा आहेत की त्यांच्यावर थोडं थांबायला हवं.

पहिली, समोरची खूण. लोक आपल्या घराचं वर्णन करताना चुकतात, कारण आपलं घर आपण बाहेरून क्वचितच बघतो. रंग जुना सांगतात, नावाची पाटी पडून गेलेली असते तरी “पाटी आहे” म्हणतात. दारातून समोर जे दिसतं ते मात्र दिवसातून दहा वेळा बघितलेलं असतं, आणि फोनवर बोलताना माणूस खिडकीशी किंवा दाराशी जाऊन आत्ता बघूनही सांगू शकतो. ती माहिती ताजी असते. तुम्हालाही समोरची खूण दुरून दिसते, दाराचा रंग जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी, चुकीच्या जागी जुळणाऱ्या खुणा. एक खूण चुकली तर माणूस सावध होतो. दोन जुळल्या की तो तिसरीकडे दुर्लक्ष करतो. मंदिर आणि टाकी, मंदिर आणि पिंपळ, मंदिर आणि शाळा, या जोड्या एकाच वस्तीत दोन ठिकाणी सहज सापडतात. म्हणून दुसरी खूण नुसती नावाने घेऊ नका, तिचं वर्णन घ्या. टाकी असेल तर उंच की जमिनीलगत. झाड असेल तर पार बांधलेलं की मोकळं. शाळा असेल तर तिचं फाटक की मागची भिंत. आणि दिलेल्या खुणांपैकी एक जरी जागेवर नसेल तर पुढे शोधत जाऊ नका. तिथेच थांबा आणि फोन करा. आमच्या मुलाला निळं गेट दिसलं नाही त्याच क्षणी त्याने फोन करायला हवा होता. न दिसलेली खूण हीच त्याच्याजवळची सगळ्यात खरी बातमी होती.

या सगळ्याच्या आधी अर्थात मंदिर कोणतं हे पक्कं हवं. पिनकोडवर फार भिस्त ठेवू नका. 1972 साली पोस्टाने तो आणला तो टपाल वेगळं करण्यासाठी. सहा आकड्यांतले शेवटचे तीन तुम्हाला वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात, घरापर्यंत नाही. एका पिनकोडात अनेक वस्त्या येतात, आणि मारुतीचं मंदिर तर जवळजवळ प्रत्येक वस्तीत असतं. “कोणतं मारुती मंदिर?” असं विचारलं की “मोठं मारुती मंदिर” असं उत्तर मिळतं, आणि प्रत्येकाला आपलं मंदिर मोठं वाटतं. त्याऐवजी “मंदिर कोणत्या रस्त्याला लागून आहे?” किंवा “मंदिराला लागून दुसरं काय आहे?” असं विचारा. उत्तर मोकळं येईल असाच प्रश्न हवा. “ते चौकातलं ना?” असा तुम्हीच उत्तर भरलेला प्रश्न टाकला तर घाईतला माणूस “हो हो, तेच” म्हणून मोकळा होतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला फक्त फोन संपवायचा असतो.

काही खुणा तर जागेवरच नसतात. एखादं थिएटर पाडून वीस वर्षं झाली, तिथे इमारत उभी राहिली, तरी लोक पत्त्यात थिएटरच सांगतात. जुन्या माणसांना विचारलं तर सापडतं, नव्या भाडेकरूंना विचारलं तर कोणालाच माहीत नसतं. खूण जुनी वाटली तर “ते आता तिथे आहे का, की त्या जागी दुसरं काही झालंय?” एवढं विचारा.

आता लोकेशनबद्दल. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं विचारण्यापेक्षा व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागावं. मीही मागतो, पण त्याआधी विचारतो, “आत्ता घरातच आहात ना? घरातूनच पाठवताय ना?” ‘सध्याचं लोकेशन’ म्हणून जे येतं ते फोन असतो तिथलं. ऑफिसात बसलेला माणूस ते पाठवतो आणि तुम्ही त्याच्या ऑफिसात पोचता. दुसरं, घरात बसून पाठवलेला ठिपकाही थोडा सरकलेला असू शकतो. उघड्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत नेमकी जागा दाखवतो. छपराखाली, उंच भिंतींच्या बोळात ती चूक कितीतरी वाढते. ‘दारात येऊन अर्धा मिनिट थांबा आणि मग पाठवा’ असं सांगितलं तर फरक पडतो. नकाशावरच्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं, ते जेवढं लहान तेवढा ठिपका भरवशाचा.

ठिपका अगदी बरोबर असला तरी एक घोटाळा उरतोच. जुन्या वस्तीत घरं पाठीला पाठ लावून असतात. एकाचं दार या गल्लीत, दुसऱ्याचं मागच्या गल्लीत, मध्ये एकच भिंत. नकाशा तुम्हाला भिंतीपासून दोन मीटरवर आणून सोडतो आणि ‘पोचलात’ म्हणतो, पण दार पलीकडच्या गल्लीत असतं आणि तिकडे जायला पूर्ण वळसा पडतो. मंदिराजवळच्या दाट वस्तीत हे फार होतं. म्हणून लोकेशन आलं तरी एक प्रश्न विचाराच, “दार कोणत्या गल्लीत उघडतं, मंदिराच्या बाजूच्या की मागच्या?” पोस्टाने 2025 मध्ये डिजिपिन आणला आहे. दहा अक्षर-अंकांचा तो कोड सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. कोणी तो पाठवला तर जरूर वापरा, पण त्यात मजला नसतो. खालचं घर आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर यांचा कोड एकच येतो. मजला आणि जिन्याची बाजू तोंडानेच विचारावी लागते.

सगळ्यांना हे प्रश्न सारखेच लागू पडत नाहीत. ज्या आजी घराबाहेर फारशा पडत नाहीत त्यांना वाटेचा क्रम नीट सांगता येत नाही. त्यांना फक्त “दारातून समोर काय दिसतं” आणि “मंदिराची घंटा ऐकू येते का” एवढंच विचारतो, आणि बाकीचं शेजारच्या कोणाला तरी फोन द्यायला सांगून. काहींना डावं-उजवं पटकन सुचत नाही. त्यांना “जेवायच्या हाताला की दुसऱ्या?” असं विचारा. तेही नको असेल तर मंदिराच्या दारात उभे राहा आणि त्यांना म्हणा, “मी देवाकडे तोंड करून दारात उभा आहे. इथून मला कसं पाठवाल?” तुमची जागा आणि तुमचं तोंड दोन्ही ठरलेलं असलं की त्यांच्या सूचना एकदम नीट येऊ लागतात. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात आवडते. फक्त त्यासाठी मंदिरापर्यंत पोचलेलं असावं लागतं, म्हणून ती मी दुसऱ्या फोनसाठी राखून ठेवतो.

पहिला फोन हबवरून निघण्याआधी करा. सकाळी रनशीट हातात आली की खुणांचे पत्ते वेगळे काढा आणि गाडी लावण्याआधी त्या दोन-चार लोकांना फोन करा. एका फोनला दीड-दोन मिनिटं जातात. चौकात गाडीवर बसून, हॉर्नच्या गोंगाटात, मागे वीस पार्सलं बाकी असताना केलेल्या फोनमध्ये कोणाचंच लक्ष नसतं, तुमचंही नाही. शिवाय सकाळी कळलं तर एका बाजूच्या वाटा एकत्र लावता येतात.

फोनची सुरुवात कशी करायची हेही महत्त्वाचं आहे, कारण लोकांना फसवणुकीचे फोन रोज येतात. मी असं बोलतो : “नमस्कार ताई, कुरिअरमधून बोलतोय. अमुक ठिकाणाहून तुमच्या नावाचं पार्सल आलंय, नंबरचे शेवटचे चार आकडे हे हे. पत्त्यावर मंदिरामागे एवढंच लिहिलंय, म्हणून दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुम्ही आत्ता घरीच आहात का?” नंतर वाटेचा क्रम, मंदिराचं दार की भिंत, बाहेर पडताना मंदिर कोणत्या हाताला, कितवं दार, समोर काय. फोनवर ओटीपी मागायचा नाही, कोणतीही लिंक पाठवायची नाही, पार्सलमध्ये काय आहे त्याची चर्चा करायची नाही. ओटीपी लागत असेल तर दारात, पार्सल हातात देताना.

आणखी एक विचारा : “गल्लीत कोणत्या नावाने विचारलं तर कळेल?” पार्सलवर सुनेचं नाव असतं आणि गल्ली ओळखते सासऱ्यांच्या नावाने, किंवा ‘मास्तरांचं घर’, ‘शिवणवाल्या काकूंचं घर’ अशा नावाने. पार्सलवरचं नाव घेऊन विचारलं तर शेजारीसुद्धा “इथे असं कोणी राहत नाही” म्हणतात, आणि आपण पत्ता चुकीचा समजून परत फिरतो.

फोन लागलाच नाही तर लगेच रिटर्न टाकू नका. आधी मेसेज ठेवा, आणि त्यात “फोन करा” एवढंच न लिहिता प्रश्न लिहा : “तुमचं पार्सल आज घेऊन येतोय. कृपया कळवा : कोणत्या रस्त्याने यायचं, मंदिर सुटल्यावर कितवं दार, दारासमोर काय आहे.” बरेच जण फोन उचलत नाहीत पण मेसेजला उत्तर देतात. मग मंदिराशी जाऊन दोन वेगवेगळ्या लोकांना विचारा. एकाने सांगितल्यावर दुसऱ्याला “ते तिकडे आहे ना?” असं विचारू नका, पुन्हा पहिल्यापासून विचारा. दोघांची बोटं एकाच दिशेला गेली तर जा. विचारताना फक्त नाव सांगा. लेबलवरचा फोन नंबर, रक्कम, आतली वस्तू हे कोणाला दाखवायचं नाही. बाई एकटी राहते का, घरी कोण असतं, असले प्रश्न तर चुकूनही नाही.

पार्सल दिल्यावर पाच मिनिटं नाही, एक मिनिट आणखी द्या. दारात उभे असतानाच अॅपच्या नोंदीत किंवा स्वतःच्या वहीत पत्ता नव्याने लिहा. पुन्हा ‘मंदिरामागे’ लिहू नका, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा मुलगा तिथेच अडकेल. मावशींच्या घराची आमची नोंद अशी आहे : “मोठ्या रस्त्यावरून महादेव मंदिराच्या दक्षिणेची गल्ली. मंदिर आणि नंदी ओलांडून सरळ. डावीकडचं पाचवं दार, तपकिरी गेट, समोर शेवगा. दार गल्लीतच. तळमजला. पार्सलवरचा नंबर मुलाचा, तो बाहेरगावी असतो, आधी आईंना फोन.” मोठी वाट, वळण, ओलांडायची खूण, हात, मोजणी, समोरची वस्तू, या क्रमाने लिहिलं की वाचणारा चालता चालता वापरू शकतो. शेजारी तारीखही टाका. गेटचा रंग दोन वर्षांपूर्वी लिहिलेला असेल तर वाचणाऱ्याला कळायला हवं की त्यावर किती विसंबायचं.

त्या गल्लीत नंतर तीन पार्सलं गेली. तिन्ही वेळा वेगळे मुलगे होते आणि कोणालाही मावशींना वाट विचारायला फोन करावा लागला नाही. तिसऱ्या खेपेच्या मुलाने परत येऊन सांगितलं की शेवगा तोडलाय, आता समोर पत्र्याची शेड आहे. नोंदीत आम्ही तेवढं बदललं.